डिंकाच्या लाडवाची खरी पाटी

थंडी पडली की मिठाईच्या दुकानांत डिंकाच्या लाडवांवर ‘शुगर फ्री’ अशी पाटी लागते. गुळाच्या लाडवावर ती चुकीचीच आहे. गूळ मुख्यतः साखरच असतो. त्यातली खनिजं खरी, पण एका लाडवात ती अगदी थोडी येतात. नियमानुसार ‘शुगर फ्री’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त चालत नाही.

चाळीस ग्रॅमचा एक लाडू घ्या. त्यात तूप 10 ग्रॅम, गूळ 10 ग्रॅम, बाकी खारीक, खोबरं, बदाम, डिंक. तुपाचे साधारण 90 उष्मांक, गुळाचे 38. सगळं मिळून दोनशेच्या आसपास. खारकेची गोडी वेगळी, तीही साखरच.

मग पाटीवर काय लिहावं? ‘साजूक तुपात तळून फुलवलेला डिंक, खारीक, खोबरं, बदाम. गोडी गुळाची आणि खारकेची. एक लाडू 40 ग्रॅम, सुमारे 200 उष्मांक. मधुमेह असणाऱ्यांनी साखर म्हणूनच मोजावा.’ ‘सांधेदुखी बरी करतो’, ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ हे मात्र गाळावं. दुकानदारांनो, वजन आणि घटक आधी लिहा; चवीसाठी येणारं गिऱ्हाईक त्याने तुटत नाही.