व्हीवॅप रोज शून्यापासून का सुरू होतो?

मिनिटामिनिटाचा डेटा पहिल्यांदा हाताळताना मी एक चूक केली होती: पाच दिवसांचा व्हीवॅप एकाच सलग बेरजेने काढला. आलेख गुळगुळीत दिसत होता, आकडे मात्र निरर्थक होते. तुम्हीही ही चूक कराल, म्हणून आधीच सांगतो.

व्हीवॅप म्हणजे व्हॉल्यूम वेटेड ॲव्हरेज प्राइस. प्रत्येक सौद्याचा भाव गुणिले शेअर, याची बेरीज करायची आणि तिला एकूण शेअरनी भागायचं. समजा, सोमवारी १०० रुपयांना १,००० शेअर, १०२ ला ३,००० आणि १०१ ला १,००० शेअर विकले गेले. उलाढाल ५,०७,००० रुपये, शेअर ५,०००, म्हणजे व्हीवॅप १०१.४० रुपये. भावांची साधी सरासरी १०१ येते, पण बहुतेक सौदे १०२ ला झालेत हे तिला कळतच नाही.

आता एका फंडाने ब्रोकरला सांगितलं, आज दिवसभरात ५०० शेअर घे. त्याला सरासरी १०१.६० भाव पडला. म्हणजे बाजाराच्या सरासरीपेक्षा शेअरमागे २० पैसे जास्त गेले. ही तुलना योग्य आहे, कारण त्या दिवशीचे सगळे भाव ब्रोकरच्या आवाक्यात होते.

खरी गंमत मंगळवारी. रात्री कंपनीचे निकाल चांगले लागले आणि शेअर थेट ११० ला उघडला. पहिल्या काही मिनिटांत ५०० शेअरचे सौदे झाले, सगळे ११० ला. नव्याने मोजलं तर व्हीवॅप ११०. पण सोमवारची बेरीज पुढे ओढली, तर ५,६२,००० भागिले ५,५००, म्हणजे सुमारे १०२.१८. मंगळवारी सकाळी ११० ला घेणारा ब्रोकर कागदावर पावणेआठ रुपयांनी 'वाईट' ठरतो! पण १०२ चा भाव त्याला मिळणार कुठून? तो बाजार काल साडेतीनलाच बंद झाला. मापदंडात तेच भाव हवेत, जे ऑर्डर हातात असताना खरोखर मिळू शकत होते. रीसेटचं कारण एवढंच.

कोडमध्ये फरक एका ओळीचा आहे (`pv` म्हणजे भाव गुणिले शेअर):

```python
g = df.groupby("date")
df["vwap"] = g["pv"].cumsum() / g["volume"].cumsum()
```

तपासणी सोपी आहे. एनएसईचा डेटा असेल तर रोजची ९:१५ ची ओळ बघा. तिथला व्हीवॅप त्याच मिनिटाच्या भावाएवढा हवा. नसेल, तर कालचं ओझं अजून उतरलेलं नाही.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ऑर्डर दुपारी एकला आली असेल, तर बेरीजही एकपासूनच सुरू करा. सकाळचे भाव त्या ब्रोकरसाठी कालच्यासारखेच. आणि दिवसातले निम्मे शेअर तुम्हीच घेतले असतील, तर व्हीवॅप बऱ्याच अंशी तुमचाच भाव असतो. मग फरक लहान दिसतो, पण त्यावरून खरेदी स्वस्तात झाली असं म्हणता येत नाही.