आडवा निकाल, उभी प्रगतिपत्रकं

सहामाही परीक्षा संपली की वर्गशिक्षकांच्या संगणकावर एक लांबच लांब तक्ता तयार होतो. एका ओळीत एक विद्यार्थी: आधी हजेरी क्रमांक, मग नाव, मग मराठी, हिंदी, इंग्रजी असे एकेक विषयाचे रकाने. गुण भरायला ही मांडणी सोयीची असते, कारण गणिताचे शिक्षक गणिताचा रकाना वरून खाली सरळ भरत जातात. पालकांना मात्र हा तक्ता देता येत नाही. त्यांना हवं असतं आपल्या मुलाचं नाव आणि त्याखाली एका ओळीत एक विषय, शेवटी एकूण. म्हणजे तेच गुण आता उभे मांडायचे.

अनेक शाळांत हे काम अजूनही नक्कल-चिकटव करून होतं. एक्सेलमध्ये ओळ उचलून ‘ट्रान्सपोज’ करून उभी चिकटवण्याची सोय आहे, पण ती एका वेळी एकाच मुलासाठी. ४२ मुलांच्या वर्गात हेच ४२ वेळा करायचं, आणि एखाद्या पेपरच्या फेरतपासणीत दोन गुण वाढले की ते दोन्हीकडे दुरुस्त करायचे. एखादा दुरुस्त करायचा राहतोच. यापेक्षा उभ्या पत्रकातल्या प्रत्येक चौकटीने आपले गुण आडव्या तक्त्यातून स्वतःच शोधून आणले तर? त्यासाठी लागणारं गणित प्राथमिक शाळेतलं आहे: भागाकार आणि बाकी.

उदाहरण घेऊ. `Gun` नावाच्या शीटवर पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत. A रकान्यात हजेरी क्रमांक, B मध्ये नाव आणि C ते H या सहा रकान्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. मुलं ४२, म्हणजे माहिती दुसऱ्या ओळीपासून ४३व्या ओळीपर्यंत. आता `Patrak` नावाची दुसरी, कोरी शीट घ्या. एका मुलाच्या पत्रकाला किती ओळी लागतील? नावाची एक, ‘विषय’ आणि ‘गुण’ या शीर्षकांची एक, विषयांच्या सहा, एकूणची एक आणि कापायला मोकळी एक. झाल्या दहा.

प्रत्येक पत्रक दहा ओळींचंच असल्यामुळे कुठल्याही ओळीचा क्रमांक पाहून ती कोणाची आणि कशाची हे सांगता येतं. १३७वी ओळ घ्या. आधी एक वजा करा, कारण मोजणी शून्यापासून धरायची आहे. उरले १३६. त्याला दहाने भागलं की भागाकार १३ आणि बाकी ६. भागाकार सांगतो की तेरा मुलांची पत्रकं पूर्ण झाली, ही ओळ चौदाव्या मुलाची. बाकी सांगते की त्याच्या पत्रकातली ही ६ क्रमांकाची ओळ आहे. शून्यावर नाव, एकवर शीर्षक, दोनवर मराठी असं मोजत गेलं की सहावर विज्ञान येतं. म्हणजे १३७व्या ओळीत चौदाव्या मुलाचे विज्ञानाचे गुण हवेत.

एक्सेलला हेच सांगायला दोन मदतनीस रकाने पुरतात. `Patrak` च्या A1 आणि B1 मध्ये अनुक्रमे ही सूत्रं लिहा:

```
=INT((ROW()-1)/10)+2
=MOD(ROW()-1,10)
```

पहिलं सूत्र भागाकार काढतं. त्यात दोन मिळवले आहेत, कारण `Gun` मधला पहिला मुलगा दुसऱ्या ओळीत आहे. चौदावा पंधराव्या ओळीत सापडेल. दुसरं सूत्र बाकी देतं. आता C रकान्यात नाव आणि विषय आणायचे:

```
=IF(B1=0,INDEX(Gun!$B:$B,A1),
 IF(B1=1,"विषय",
 IF(B1<=7,INDEX(Gun!$1:$1,B1+1),
 IF(B1=8,"एकूण",""))))
```

आणि D रकान्यात हजेरी क्रमांक आणि गुण:

```
=IF(B1=0,INDEX(Gun!$A:$A,A1),
 IF(B1=1,"गुण",
 IF(B1<=7,INDEX(Gun!$A:$H,A1,B1+1),
 IF(B1=8,SUM(INDEX(Gun!$C:$H,A1,0)),""))))
```

`INDEX` चं काम सरळ आहे: अमुक ओळ, तमुक रकाना, तिथे जे असेल ते आण. बाकी ६ असेल तर `B1+1` म्हणजे सातवा रकाना, G, म्हणजेच विज्ञान. शेवटच्या ओळीत रकान्याच्या जागी शून्य दिलं आहे. त्याचा अर्थ ती संपूर्ण ओळ घे, म्हणून तिची बेरीज होते. चारही सूत्रं ४२० ओळींपर्यंत ओढली की सगळ्या वर्गाची पत्रकं उभी राहतात. त्याखाली ओढू नका, कारण तिथे मुलंच नाहीत आणि नावाच्या जागी नुसती शून्यं दिसतील.

या रचनेत विषयाचं नाव आणि गुण दोन्ही `B1+1` या एकाच आकड्यावरून येतात, हे लक्षात घ्या. उद्या कोणी `Gun` मध्ये गणित आणि विज्ञान यांच्या रकान्यांची शीर्षकासकट अदलाबदल केली, तरी पत्रकात गणिताच्या नावापुढे विज्ञानाचे गुण येणार नाहीत. ‘गणित’, ‘विज्ञान’ ही नावं पत्रकात हाताने टाइप केली असती, तर नेमकी हीच गफलत झाली असती आणि आकडे शक्यतेतले असल्यामुळे ती कोणाच्या लक्षातही आली नसती.

आता या पद्धतीतला खरा धोका. एखादी मुलगी इंग्रजीच्या पेपरला गैरहजर होती आणि शिक्षकांनी तिची चौकट कोरी सोडली. `INDEX` ने कोरी चौकट आणली की एक्सेल तिचं शून्य करून दाखवतं. गैरहजर असणं आणि पेपर देऊन शून्य मिळणं यांत पालकांच्या दृष्टीने केवढा फरक आहे! एकूण बेरीज मात्र तीच राहते, त्यामुळे बेरीज जुळवून पाहणाऱ्याला ही चूक सापडत नाही. म्हणून D रकान्यातल्या सूत्रात गुण आणणारा तुकडा असा बदलावा:

```
IF(INDEX(Gun!$A:$H,A1,B1+1)="","गैरहजर",
 INDEX(Gun!$A:$H,A1,B1+1))
```

चौकट कोरी असेल तर ‘गैरहजर’ येईल आणि खरोखर शून्य लिहिलेलं असेल तर शून्यच राहील. बेरीज करताना `SUM` शब्द सोडून देतं, त्यामुळे एकूणला धक्का लागत नाही.

गंमत म्हणजे याच कामाच्या दुसऱ्या लोकप्रिय वाटेवर हीच कोरी चौकट उलटा घोळ घालते. एक्सेलमधल्या ‘पॉवर क्वेरी’त ‘अनपिव्होट’ नावाची सोय आहे. विषयांचे रकाने निवडून ती वापरली की नाव, विषय, गुण अशी लांब यादी मिळते, सूत्र न लिहिता. पण कोऱ्या चौकटींच्या ओळी ती गाळून टाकते. त्या मुलीच्या वाट्याला सहाऐवजी पाचच विषय येतात आणि इंग्रजी गायब होतं. एकीकडे शून्य, दुसरीकडे ओळच नाही. म्हणून वाट कुठलीही धरा, गुण भरतानाच गैरहजेरी शब्दात लिहिण्याची शिस्त सर्वांत सुरक्षित.

तपासणीसाठी बेरजेपेक्षा मोजणी उपयोगी पडते. ४२ मुलं आणि सहा विषय म्हणजे २५२ चौकटी. तीन पेपरांना गैरहजेरी असेल तर आकडे २४९च असायला हवेत. दोन्ही शीटवर मोजून पाहा:

```
=COUNT(Gun!C2:H43)
=COUNTIFS(Patrak!B1:B420,">=2",
 Patrak!B1:B420,"<=7",Patrak!D1:D420,">=0")
```

दुसरं उत्तर २५२ आलं तर गैरहजर मुलांना शून्य मिळालंय असं समजा. दोन्ही उत्तरं २४९ पेक्षा कमी आली तर काही गुण आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून साठवले गेलेत. दुसऱ्या फाइलमधून किंवा मेसेजमधून चिकटवलेल्या गुणांचं असं होतं. पत्रकात ७८ दिसतात, पण एकूणमध्ये धरले जात नाहीत. असे आकडे चौकटीत बहुधा डाव्या कडेला चिकटलेले दिसतात. खरे आकडे उजवीकडे असतात. मोजणी जुळली की पहिला, मधला आणि शेवटचा अशा तीन मुलांची पत्रकं मूळ तक्त्याशी डोळ्यांनी ताडून पाहिली म्हणजे झालं.

उरते छपाई. इथे पत्रक दोन पानांत तुटण्याची तक्रार हमखास येते. एक्सेलच्या उंचीचं माप पॉइंटमध्ये असतं आणि एका इंचात ७२ पॉइंट. ए-४ कागद सुमारे ८४२ पॉइंट उंच. वरखाली पाऊण-पाऊण इंचाचा नेहमीचा समास सोडला की ७३४ उरतात. ओळीची उंची १५ पॉइंट ठेवली तर पानावर ४८ ओळी बसतात, म्हणजे चार पत्रकं पूर्ण आणि पाचवं आठ ओळींवर तुटलेलं. तीच उंची १८ केली की ४० ओळी बसतात, बरोबर चार पत्रकं. त्यासाठी सगळ्या ओळी निवडून उंची स्वतः ठरवून द्यावी, एक्सेलवर सोडू नये. देवनागरी फॉन्टच्या मात्रा-वेलांट्यांसाठी ते काही ओळी आपणहून उंच करतं आणि हिशेब बिघडतो. वर्गाची अकरा पानं होतील, शेवटच्यावर दोन पत्रकं. छपाईचा हुकूम देण्याआधी ‘पेज ब्रेक प्रीव्ह्यू’ उघडून पानाची रेघ मोकळ्या ओळीखालीच येतेय ना ते पाहावं. A आणि B हे मदतनीस रकाने लपवले की ते छापले जात नाहीत.

चौकटी आखण्यासाठीही B रकानाच कामी येतो. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये `=$B1<9` या अटीवर रेघा आणि `=$B1=0` वर ठळक अक्षरं दिली की ४२ नावं एकदम ठळक होतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. विषय सहाचे सात झाले की पत्रक अकरा ओळींचं होतं. मग दोन्ही मदतनीस सूत्रांतला १० बदलून ११ करावा लागतो, पुढच्या सूत्रांतले ७ आणि ८ अनुक्रमे ८ आणि ९ होतात, H च्या जागी I येतो आणि ओळीची उंची साडेसोळावर आणावी लागते. कोणी हिंदी घेतलंय तर कोणी संस्कृत, असा वर्ग असेल तर न घेतलेल्या विषयापुढेही ‘गैरहजर’ छापलं जाईल. तिथे ही पद्धत तशीच्या तशी चालत नाही. आणि `Patrak` च्या वरती शाळेचं नाव लिहायला एक ओळ घुसवली तर पहिल्या मुलाच्या नावाची ओळच गायब होते, कारण सूत्र ओळीच्या क्रमांकावर उभं आहे. शाळेचं नाव छपाईच्या ‘हेडर’मध्येच द्यावं.

गुणांची दुरुस्ती कायम `Gun` मध्येच करायची, `Patrak` ला हात लावायचा नाही. मात्र मुख्याध्यापकांची सही झाली की `Patrak` ची एक प्रत ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ म्हणून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. नाहीतर पुढच्या परीक्षेचे गुण त्याच तक्त्यात भरले गेले की सही झालेला निकाल संगणकावर गुपचूप बदलतो, आणि पालकांच्या हातातला कागद व शाळेची फाइल यांचा मेळ बसत नाही.