शिखर सरकते, उंची तीच राहते

बी.एस्सी.ला गणित घेणाऱ्यांची हे फलन हमखास परीक्षा पाहते: fₙ(x) = nx/(1+n²x²), अंतराल [0, 1].

x = 0.1 घ्या. n = 10 असताना किंमत 0.5 येते, n = 100 ला सुमारे 0.099 आणि n = 1000 ला जवळपास 0.01. शून्यावर तर ती कायम शून्यच. म्हणजे प्रत्येक बिंदूवर क्रमिका शून्याकडे जाते. हे बिंदुशः अभिसरण.

एकसमान अभिसरणाची अट कडक आहे. तिथे x आधी ठरवून चालत नाही. प्रत्येक n साठी संपूर्ण अंतरालावर |fₙ(x) − f(x)| या फरकाचे सुप्रीमम Mₙ काढायचे आणि ते शून्याकडे जाते का, ते पाहायचे. इथे f = 0. अवकलज शून्य होतो x = 1/n ला आणि तिथे किंमत येते 1/2. n दहा असो वा दहा लाख, Mₙ = 1/2 च. शिखर डावीकडे सरकते, खाली येत नाही. अभिसरण एकसमान नाही.

नेमकी चूक होते ती इथे: सीमाफलन संतत आहे, एवढ्यावरून अनेकजण ‘एकसमान’ लिहून मोकळे होतात. xⁿ च्या बाबतीत [0, 1] वर सीमाफलन तुटते, म्हणून दोष लगेच दिसतो. इथे तो लपतो आणि Mₙ काढल्यावरच सापडतो.

अंतराल [0.1, 1] केले, की n > 10 साठी शिखर बाहेर पडते. मग Mₙ = fₙ(0.1), म्हणजे 10/n पेक्षा कमी, आणि अभिसरण एकसमान होते.