आनंदने घर सोडले की आनंदाने?

‘आनंदने घर सोडले’ आणि ‘आनंदाने घर सोडले’ या दोन वाक्यांत फरक फक्त एका कान्याचा आहे. पहिल्या वाक्यात घर कोणी सोडले ते कळते, दुसऱ्यात कसे सोडले ते कळते. ‘आशाने वाट पाहिली’ आणि ‘आशेने वाट पाहिली’ यांचेही तसेच. ‘पूजाला बोलवा’ म्हटले तर एखादी मुलगी येईल, ‘पूजेला बोलवा’ म्हटले तर पाहुणे येतील. मराठी बोलणारा हा फरक न शिकता अचूक करतो. लिहिताना मात्र त्याचाच हात अडखळतो.

नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे रूप बदलते, त्याला सामान्यरूप म्हणतात. अकारान्त पुल्लिंगी नाम आकारान्त होते, म्हणून सागराला, प्रकाशाने, संतोषाचा. आकारान्त स्त्रीलिंगी नामाचा शेवट ‘ए’ होतो, म्हणून शोभेला, प्रतिभेने. हेच शब्द माणसांची नावे झाले की आजच्या प्रमाण मराठीत ते सहसा जसेच्या तसे राहतात: सागरला, प्रकाशने, शोभाला, प्रतिभाने. ‘वकील’चे ‘वकिलाला’ होताना ‘की’ ऱ्हस्व होते, पण ‘सुनील’चे ‘सुनीलला’ होते आणि ‘नी’ दीर्घच राहते. सामान्यरूपच होत नाही, तर आतला स्वर बदलायचे कारणही उरत नाही.

देव आणि पुराणातली माणसे मात्र जुन्या वळणाने चालतात. रावणाला रामाने मारले, सीतेने अग्निपरीक्षा दिली. शेजारच्या घरातल्या रामने आज दूध आणले आणि सीताला ताप आला. नदी असेल तर गंगेला पूर येतो, बाई असेल तर गंगाला निरोप धाडायचा. काही घरांत आणि काही बोलींत माणसांसाठीही ‘वसंताला’, ‘गोविंदाने’ अशी रूपे ऐकू येतात. ती चूक नाहीत. मात्र एकाच लेखात एकाच माणसाला एकदा ‘वसंतने’ आणि पुढे ‘वसंताने’ लिहू नये. वाचकाला दुसऱ्या ठिकाणी ऋतू दिसू शकतो.

आडनावांत आदर शिरतो, आणि आदर आला की अनेकवचन येते. विजय तेंडुलकरांनी नाटके लिहिली, सचिन तेंडुलकरने शतके ठोकली. आडनाव तेच, पण नाटककाराला ‘-रांनी’ आणि खेळाडूला, वर्तमानपत्रांच्या सवयीनुसार, नुसते ‘-ने’. टिळकांनी, आगरकरांनी, आंबेडकरांनी या रूपांतला अनुस्वार आदराचा आहे. तो गाळून ‘टिळकानी’ लिहिले, तर शब्द चुकतोच आणि मानही जातो.

खरी अडचण एकारान्त आडनावांची. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत अशा नामाचे सामान्यरूप या-कारान्त करावे असे सांगून ‘फडके – फडक्यांना’ हेच उदाहरण दिले आहे. त्याच न्यायाने रानड्यांनी, गोखल्यांचे, अत्र्यांना. ‘मोरे’चे होते ‘मोऱ्यांना’. इथे अर्धा ‘र’ आडव्या रेघेचा हवा. तो रफार होऊन ‘मोर्यांना’ छापला गेला, की उच्चार ‘आचार्यांना’तल्या ‘र्य’सारखा होतो. मोऱ्यांच्या ‘मो’वर आघात येत नाही, ‘आचाऱ्यांना’तल्या ‘चा’वर येत नाही तसाच.

आज मात्र ‘फडकेंनी’, ‘अत्रेंना’ ही रूपे सर्रास दिसतात, आणि त्यांच्यामागचे कारण मला पटते. सामान्यरूपावरून मूळ नाव उलट शोधणे नेहमी जमत नाही. ‘काळ्यांना’ वाचून माणूस काळे आडनावाचा की काळ्या रंगाची काही माणसे, हे संदर्भानेच ठरते. ‘पाटलांना’मध्ये ‘पाटील’ हा शब्द अक्षरशः नाहीच, कारण मधला ‘टी’ जाऊन ‘ट’ उरला. संगणकावर एखाद्या मजकुरात ‘पाटील’ शोधाल, तर ‘पाटलांना’ हाती लागेलच असे नाही. ‘रानडे’ शोधताना ‘रानड्यांनी’ निसटते. पुस्तकाची नामसूची करणाऱ्याला ही रूपे डोळ्यांनीच वेचावी लागतात. तरीही वाचनाच्या ओघात मला ‘फडक्यांनी’च अधिक मराठी वाटते, ‘फडकेंनी’मध्ये प्रत्यय वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

कचेऱ्या आणि वर्तमानपत्रांनी यातून एक वाट काढली आहे: ‘फडके यांनी’, ‘पाटील यांना’, ‘मोरे यांचा’. प्रत्यय सर्वनामाने उचलला आणि नाव अखंड राहिले. दाखला, करारपत्र, न्यायालयाचा आदेश अशा ठिकाणी, जिथे नावाचे एकही अक्षर हलून चालत नाही, तिथे हीच पद्धत योग्य. ललित लेखात ती पानोपानी आली, तर मजकुराला कचेरीचा वास येतो.

या वाटेचा आणखी एक उपयोग आहे. किरण हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही. ‘किरणने अर्ज केला’ यावरून अर्ज मुलाचा की मुलीचा ते कळत नाही, कारण ‘केला’ हे रूप अर्जाप्रमाणे चालते. ‘किरण याने’ किंवा ‘किरण हिने’ लिहिले, की ते लगेच कळते.