गेट साडेआठला बंद होतं

जेईई मेनचा सकाळचा पेपर नऊला सुरू होतो, पण गेट साडेआठलाच बंद होतं. म्हणून हिशोब गेटपासून मागे मोजायचा.

समजा, अंबाजोगाईची विद्यार्थिनी शिवाजीनगरला उतरली आहे आणि केंद्र वाघोलीत आहे. प्रवेशपत्रावर हजेरीची वेळ साडेसात असेल, तर सातला पोहोचायचं ठरवावं. नगर रस्त्यासाठी एक तास धरला, तर सहाला रिक्षा दारात हवी. साडेसातपर्यंतचा अर्धा तास रिक्षा न मिळण्यासाठी, रस्ता चुकण्यासाठी राखीव.

खरी फसगत पत्त्यात होते. एकाच संस्थेची त्याच नावाची कॉलेजं शहरात दोन-तीन ठिकाणी असतात, म्हणून पिनकोडही जुळवावा. आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष गेटपर्यंत जाऊन यावं आणि परीक्षार्थींना कुठून आत सोडणार, हे वॉचमनला विचारावं.