बांकावरील चढउतार आणि नाडीची साक्ष

मनुष्याच्या अंगांत दम किती आहे, हें त्याच्या दंडाच्या घेरावरून कळत नाहीं. तसेंच, स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी पाहूनहि त्याचा पुरता अंदाज येत नाहीं. कारण विश्रांतींत हृदयावर भारच पडलेला नसतो. ज्याप्रमाणें बैलाची पारख चढावर होते, त्याप्रमाणें हृदयाची पारख श्रमानंतर होते. हेंच तत्त्व धरून अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत ल्यूसियन ब्रूहा व त्यांचे सहकारी यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एक सोपी कसोटी बसविली. ती १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. तिला लागणारें साहित्य म्हणजे एक भक्कम बांक आणि सेकंदकांटा असलेलें घड्याळ, एवढेंच.

बांक वीस इंच उंच असावा. ‘एक’ म्हणतांच एक पाय बांकावर, ‘दोन’ला दुसरा, ‘तीन’ला पहिला पाय खालीं आणि ‘चार’ला दुसरा, असा हा क्रम आहे. चारी आंकडे मिळून दोन सेकंद. म्हणजे मिनिटास तीस चढउतार. वर गेल्यावर गुडघे व पाठ पूर्ण सरळ झाली पाहिजेत. ही मेहनत पांच मिनिटें चालवावयाची. ताल पंधरा सेकंदपर्यंत सांभाळतां आला नाहीं, तर तेथेंच थांबावें व तोंवर झालेला वेळ टिपावा. पांच मिनिटें पुरीं झालीं, तर दीडशें चढ होतात. त्यांची उंची एकत्र केली तर सुमारें ७६ मीटर भरते. म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराहून थोडी अधिकच! यावरून ही कसोटी दिसते तितकी सोपी नाहीं, हें ध्यानांत येईल.

थांबतांच खालीं बसावें व बोलूं नये. एक मिनिट झाल्यावर तीस सेकंद नाडीचे ठोके मोजावे. दोन मिनिटांनंतर पुन्हा तीस सेकंद. तीन मिनिटांनंतर पुन्हा तीस. मोजणारा दुसरा असावा, व त्यानें अंगठा न लावतां दोन बोटांनीं मोजावें. कारण अंगठ्यांतील स्वतःचीच नाडी त्याला फसविते. मग श्रमाच्या सेकंदांना शंभरांनीं गुणून, तिन्ही मोजण्यांच्या बेरजेच्या दुपटीनें भागावें.

समजा, एका तरुणानें पुरीं पांच मिनिटें, म्हणजे ३०० सेकंद, काम केलें आणि त्याचे ठोके ७५, ६० व ५२ आले. बेरीज १८७, दुप्पट ३७४. तीस हजारांना ३७४ नें भागलें असतां अंक सुमारें ८० येतो. त्याचाच मित्र साडेतीन मिनिटांत, म्हणजे २१० सेकंदांत थकला व त्याचे ठोके ८०, ७० व ६० आले, तर त्याचा अंक ५० होतो. मूळ कोष्टकाप्रमाणें नव्वद वा अधिक उत्तम, ऐंशीपासून चांगला, पासष्टपासून बरा मध्यम, पंचावन्नपासून हलका मध्यम आणि त्याखालीं कमजोर. सारांश, पहिला तरुण चांगल्यांत जेमतेम बसतो, तर दुसरा कमजोरांत गणला जातो.

याचें कारण असें, कीं सरावलेलें हृदय दर ठोक्यास अधिक रक्त ढकलतें. त्याला तेंच काम थोड्या ठोक्यांत होतें, आणि काम संपतांच तें लौकर शांत होतें.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. मोजणीस वीस सेकंदांचा उशीर झाला, तर नाडी तेवढ्यांत उतरते व अंक फुकटच वाढतो. ताल ढिला पडला किंवा गुडघे वांकलेले राहिले, तरी तसेंच होतें. चहा, तंबाखू, उकाडा वा नुकताच येऊन गेलेला ताप नाडी वाढवितो. उलट, हृदयाची गति मंद करणारीं औषधें घेणाऱ्याचा अंक खोटा चांगला दिसतो. कोष्टकहि तरुण पुरुषांसाठीं केलेलें आहे. आंखूड पायांच्या माणसास वीस इंचांचा बांक अधिक जड जातो.

घरांतील जिन्याची पायरी बहुधा सातआठ इंचांची असते. तिच्यावर केलेल्या कसोटीस हार्वर्डचें कोष्टक लावूं नये. तीच पायरी, तोच ताल, तेवढींच मिनिटें व दिवसाची तीच वेळ ठरवून दर महिन्यास आपलाच अंक आपल्याच मागील अंकाशीं ताडून पाहावा. एवढा तिचा उपयोग खरा.

हृदयविकार, वाढलेला रक्तदाब वा छातींत दुखणें असलेल्यांनीं, तसेंच फार दिवस श्रम न केलेल्या वयस्कांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून बांकावर पाय ठेवूं नये. मध्येंच छाती आंवळली, भोवळ आली किंवा दम लागून शब्द फुटेनासा झाला, तर ताल तेथेंच सोडून द्यावा. असा मनुष्य अर्ध्यावर थांबला, तर त्याचा हिशेब पुरा करण्यापेक्षां वैद्यास बोलाविणें अगत्याचें आहे.