रंगीत सावल्यांचा खेळ

सावली म्हटली की ती काळीच, असं आपण धरून चालतो. आंध्र प्रदेशातल्या तोलू बोम्मलाट या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात मात्र पडद्यावर रंग उमटतात. लुगड्याचा तांबडा काठ, निळं अंग, पिवळा मुकुट आणि दागिन्यांच्या जागी पांढरे लखलखते ठिपके. पडद्यामागे साधा दिवा असतो. सगळी करामत बाहुलीच्या कातड्याची आणि ती कापडाला कशी भिडवली जाते याची आहे.

हे कातडं कमावलेलं नसतं. चपलेचं चामडं कमावताना त्याचे तंतू मऊ आणि सुटे राहतात, आणि त्यातून उजेड आरपार जात नाही. बाहुलीसाठी शेळीचं कातडं गरम पाण्यात भिजवून त्यावरचे केस आणि आतली चरबी खरवडून काढतात, मग ते ताणून उन्हात वाळवतात. वाळताना तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि कडक, पिवळसर, उजेडाकडे धरलं तर हाताची बोटं दिसावीत असा पातळ पापुद्रा तयार होतो. डफाला असतं तेच हे कच्चं कातडं, फक्त अधिक तासलेलं. पूर्वी देवादिकांच्या आणि मोठ्या योद्ध्यांच्या बाहुल्यांसाठी हरणाचं कातडं वापरत. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि शेळीवर सगळी भिस्त आली. केरळच्या तोलपावकूत्तूत बाहुल्या अपारदर्शक कातड्याच्या असतात, म्हणून तिथे पडद्यावर काळ्याच सावल्या दिसतात.

वाळलेल्या कातड्यावर आधी आकृती रेखतात, मग लहान छिन्न्यांनी ठोकून भोकं पाडतात. हार, बाजूबंद, लुगड्याची नक्षी ही सगळी या भोकांतूनच तयार होते, कारण तिथून उजेड रंगाशिवाय थेट कापडावर पडतो. रंग दोन्ही बाजूंनी चढवतात. एकाच बाजूने दिलेला रंग दिव्यासमोर फिका पडतो, आणि बाहुली तोंड फिरवते तेव्हा तिची दुसरी बाजू कापडाला लागणार असते. हात, कोपर, गुडघे वेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडतात. नर्तकीची मान आणि कंबरही सुटी असते. शरीराच्या मधोमध उभी चिरलेली काठी बसवतात आणि हात हलवायला वेगळ्या काड्या. आंध्रातल्या या बाहुल्या चार ते सहा फूट उंच असतात. एरवी एका बाहुलीला एक कातडं पुरतं, पण रावणाला साधारण चार लागतात. एक धडाला, एक पायांना आणि पाच-पाच हातांच्या दोन्ही जुडग्यांना एकेक.

पडदा म्हणजे दोन पांढरी धोतरं किंवा साड्या, एकीखाली एक जोडून बांबूच्या चौकटीवर ताणलेल्या. तो अगदी सरळ उभा नसतो. वरची कड किंचित प्रेक्षकांकडे झुकलेली असते, त्यामुळे मागून टेकवलेली बाहुली आपल्याच वजनाने कापडाला चिकटून राहते. दरबारात नुसतं बसून राहणारं पात्र असेल, तर त्याला शिंदीच्या काट्यांनी पडद्यालाच टोचून ठेवतात. खेळवणाऱ्याचे हात मोकळे होतात आणि दरबार हलत नाही.

कापडाला चिकटून राहण्याचा एवढा आग्रह का, ते एका हिशेबाने कळतं. समजा, 6 सेंटिमीटर रुंद दुधी बल्ब बाहुलीपासून 120 सेंटिमीटरवर टांगला आहे, आणि बाहुली कापडापासून 12 सेंटिमीटर मागे राहिली आहे. बल्बच्या डाव्या कडेचा उजेड बाहुलीची कड एका जागी पाडतो, उजव्या कडेचा दुसऱ्या जागी. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे सावलीची अंधूक किनार. ती बल्बच्या रुंदीच्या एक-दशांश, म्हणजे 6 मिलिमीटर येते. हाराची भोकं जेमतेम 2 मिलिमीटरची असतात. अंधूक किनार भोकापेक्षा रुंद झाली की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि हाराच्या जागी फिकट डाग उरतो. तीच बाहुली कापडापासून 1 सेंटिमीटरवर आणली, तर किनार अर्ध्या मिलिमीटरची होते आणि एकेक मणी मोजता येतो. जुन्या काळी एकाऐवजी तेलाचे अनेक दिवे ओळीने लावत. तेव्हा तर प्रत्येक दिवा आपली वेगळी सावली पाडणार, म्हणून बाहुली चिकटून राहणं आणखीच गरजेचं. याच नियमाचा खेळवणाऱ्याला फायदाही होतो. तो पडद्यापासून मागे असल्यामुळे त्याची स्वतःची सावली विरघळून जाते.

म्हणून इथे कौशल्य हाताच्या दाबात आहे. मधली काठी एका हातात धरून बाहुली कापडावर टेकवायची आणि दुसऱ्या हाताने काड्या चालवायच्या. दाब कमी पडला तर चेहरा धूसर होतो. जास्त झाला तर पडद्याला फुगवटा येतो आणि शेजारच्या बाहुल्या हलतात. पात्राला अदृश्य व्हायचं असेल तर मात्र मुद्दाम बाहुली मागे ओढतात. प्रेक्षकाला ती आधी विस्कटताना आणि मग नाहीशी होताना दिसते. युद्धात दोन बाहुल्या एकमेकींवर आपटतात, त्याच वेळी खेळवणारे पायाखालच्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून दणका उठवतात. दमट हवेत मात्र सगळ्यांची परीक्षा असते. कच्चं कातडं ओल पितं, डफासारखंच सैल पडतं आणि कडा वळतात. वळलेली कड कापडाला लागत नाही, आणि नेमका हातच अंधूक दिसू लागतो.

हा खेळ कुटुंबाचा असतो. बायका स्त्रीपात्रांचे संवाद म्हणतात, गातात. पेटी, मृदंग आणि टाळ साथीला असतात. कथा बहुधा रामायण-महाभारताची. रामायणासाठी ‘रंगनाथ रामायण’ या तेलुगू काव्याचा मोठा आधार घेतात. पण पडद्यामागे हीच माणसं आपसात जी भाषा बोलतात ती मराठीची एक बोली आहे. श्री सत्यसाई जिल्ह्यातलं धर्मावरमजवळचं निम्मलकुंटा हे अशा कुटुंबांचं गाव, आणि तिथलं ‘सिंदे’ हे आडनाव मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कर्नाटकातले किळ्ळेक्यात आणि तमिळनाडूतले मंडिकर हे चामड्याच्या बाहुल्या खेळवणारे समाजही घरी मराठीच्या बोली बोलतात. प्रयोग मात्र कन्नड आणि तमिळमध्ये करतात. महाराष्ट्रात कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने हा खेळ टिकवला आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी निम्मलकुंट्याच्या दळवाई चलपती राव यांना ती मिळाली होती.

रात्रभर चालणारे प्रयोग कमी झाले, तशी निम्मलकुंट्यातली बरीच कुटुंबं त्याच कातड्याचे दिव्यांचे शेड आणि भिंतीवर लावायची चित्रं करू लागली. हस्तकला प्रदर्शनांत आपल्याला दिसतात त्या वस्तू बहुतेक याच. त्यातली एखादी बाहुली खेळासाठी केली आहे की शोभेसाठी, हे ओळखणं सोपं आहे. ती उलटून पाहा. खेळाच्या बाहुलीला दोन्ही बाजूंनी सारखाच रंग असतो. सांध्यांवर दोऱ्याच्या गाठी असतात आणि हात स्वतःच्या वजनाने सहज खाली पडतो. मधोमध काठी असते, नाहीतर ती बसवण्यासाठी पाडलेली भोकं तरी असतात. मग ती खिडकीच्या उजेडाकडे धरा. रंग काचेसारखे उजळले तर कातडं चांगलं तासलेलं आहे. कुठे काळसर ढग दिसला, तर तिथे चरबी किंवा जाडी राहून गेली आहे, आणि पडद्यावर त्या जागी रंगाऐवजी डागच उमटेल.